शेतीविषयक चित्रफितींचा वार व वेळ ठरविताना प्रेक्षक-अहवालाचा उपयोग

पावसाच्या एका वर्षावरून पेरणीची तारीख कोणी ठरवीत नाही. एखाद्या वर्षी मृग नक्षत्रात जमीन चांगली भिजली म्हणून पुढील दहा वर्षे त्याच तारखेला तिफण जुंपणारा शेतकरी मराठवाड्यात तरी विरळाच. भारतीय हवामान विभागदेखील पावसाची सरासरी काढताना दोनचार वर्षांवर समाधान मानीत नाही. देशाच्या नैर्ऋत्य मोसमी पावसाची ८७ सेंटिमीटर ही जी सरासरी आज वापरली जाते, ती १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांच्या नोंदींवर आधारलेली आहे. परंतु हाच शेतकरी, किंवा त्याला सल्ला देणारा ग्रामकार्यकर्ता, आपल्या यूट्यूब वाहिनीवर चित्रफीत कोणत्या वारी व किती वाजता टाकावी हे ठरवू लागला, की चार आठवड्यांच्या एका पत्रकावर पूर्ण भरवसा टाकतो. असे का होते व ते कसे टाळावे, याचा विचार येथे केला आहे.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. कापसावरील गुलाबी बोंडअळीचे उदाहरण घ्यावे. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ किंवा अधिक पतंग सापडू लागले, म्हणजे उपाय योजण्याची वेळ आली असे समजतात. फवारणी सकाळी लवकर किंवा सायंकाळी, वारा शांत असताना करावयाची असते. याविषयीची सूचना दुपारी बारा वाजता भ्रमणध्वनीवर आली व शेतकऱ्याने ती रात्री पाहिली, तर औषध आणण्यास दुसरा दिवस जातो आणि फवारणी तिसऱ्या दिवसावर ढकलली जाते. मध्येच पाऊस आला तर तोही दिवस हातचा जातो. म्हणून सूचना कोणत्या वेळी शेतकऱ्याच्या दृष्टीस पडते, याला महत्त्व आहे.

अहवालात काय असते व काय नसते

यूट्यूबच्या Studio विभागात Analytics उघडून Audience या सदरात गेले असता When your viewers are on YouTube या नावाचा तक्ता दिसतो. त्यात आठवड्याचे सात वार आणि दिवसाचे चोवीस तास यांची घरे केलेली असतात. ज्या घरात प्रेक्षक अधिक, त्या घराचा जांभळा रंग अधिक गडद. हा तक्ता मागील २८ दिवसांचा असतो. वाहिनी लहान असेल व प्रेक्षक पुरेसे नसतील, तर तो दिसतच नाही.

हा तक्ता वाचताना तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की, वाहिनीचे प्रेक्षक त्या वेळी यूट्यूबवर होते, एवढेच तो सांगतो. ते तेथे शेतीचा सल्ला पाहत होते, की कीर्तन ऐकत होते, की क्रिकेटचा सामना पाहत होते, हे त्यातून कळत नाही. दुसरी, घरांत आकडे नसतात, केवळ रंगाच्या छटा असतात. या छटा त्या पत्रकापुरत्या सापेक्ष असल्याने जूनमधील गडद घर व सप्टेंबरमधील गडद घर यांत प्रेक्षक सारखेच होते असे मानता येत नाही. तिसरी, वेळ ही अहवाल पाहणाऱ्याच्या यंत्रावरील घड्याळाप्रमाणे दाखविली जाते. संगणकावर भारतीय वेळ लावलेली नसेल, तर सारा तक्ता काही तासांनी सरकतो. हे एकदा तपासून पाहावे.

याशिवाय आणखी एक मर्यादा आहे. चित्रफीत टाकण्याच्या वेळेचा तिच्या दीर्घकालीन प्रेक्षकसंख्येवर थेट परिणाम होत असल्याचे आढळलेले नाही, असे यूट्यूब स्वतःच सांगते. मोसंबीच्या छाटणीवरील चित्रफीत वर्षभर शोधून पाहिली जाते, तेव्हा ती मंगळवारी टाकली काय किंवा गुरुवारी टाकली काय, फरक पडत नाही. ज्या सूचनेचे आयुष्य दोन-तीन दिवसांचे आहे, तिच्याच बाबतीत वेळेचा हिशेब करण्यात अर्थ आहे.

गडद घर आणि योगायोग

सात वार गुणिले चोवीस तास म्हणजे १६८ घरे होतात. अठ्ठावीस दिवसांत प्रत्येक वार चारच वेळा येतो. म्हणून गुरुवारी रात्री नऊ वाजताचे जे घर, ते केवळ चार गुरुवारांच्या नोंदीवर रंगलेले असते. चारपैकी एका गुरुवारी गावात काही विशेष घडले, तर त्या घराचा रंग बदलतो.

कृषी विद्यापीठांच्या प्रक्षेत्रांवर काम केलेल्यांना समानता चाचणी माहीत असते. संपूर्ण शेतात एकच वाण, एकच खत व एकच मशागत ठेवून पीक घेतात, आणि काढणीच्या वेळी शेताचे लहान लहान वाफे पाडून प्रत्येकाचे उत्पन्न वेगळे मोजतात. सर्व काही सारखे असूनही वाफ्यावाफ्याचे उत्पन्न सारखे येत नाही. कोठे माती खोल, कोठे बांधाची सावली, कोठे उंदराचे बीळ. त्या वाफ्यांतील सर्वांत चांगला वाफा निवडून ‘हे वाण उत्तम’ असे कोणी म्हणाले, तर त्यास सर्व हसतील. अहवालातील १६८ घरांपैकी सर्वांत गडद घर निवडणे हे त्याच जातीचे काम आहे. इतक्या घरांत कोणते तरी एक सर्वांत गडद असणारच. ते गडद का झाले हा प्रश्न मात्र विचारला जात नाही.

२०२५ सालच्या पंचांगावरून हे चांगले समजते. त्या वर्षी ८ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर या २८ दिवसांत चार शुक्रवार आले: ८, १५, २२ व २९ ऑगस्ट. यांपैकी १५ तारखेस स्वातंत्र्यदिन होता, २२ तारखेस बैलपोळा, आणि २९ तारीख गणेशोत्सवात पडली. चारांपैकी तीन शुक्रवार नेहमीसारखे नव्हते. पोळ्याच्या दिवशी बैलांना विश्रांती असते, तशी माणसांनाही. दुपारी चार वाजता एरवी शेतात असणारी माणसे त्या दिवशी घरी व भ्रमणध्वनीवर असू शकतात. ५ सप्टेंबर रोजी अहवाल पाहणाऱ्या कार्यकर्त्यास शुक्रवारी सायंकाळी चारचे घर गडद दिसले व त्याने पुढील सर्व चित्रफिती शुक्रवारी चारच्या सुमारास टाकण्याचे ठरविले, तर त्याने पोळ्याचा मुहूर्त पकडला. शुक्रवार पकडला नाही. पोळा पुढच्या वर्षी येईल तेव्हा वारही वेगळा असेल.

दुसरी फसगत याहून सूक्ष्म आहे. एखादा कार्यकर्ता म्हणतो, “मी दर आठवड्याला अहवाल पाहतो. चार आठवडे झाले, तेच घर गडद आहे. आता तरी खात्री धरावी ना?” खात्री धरू नये. तक्ता मागील २८ दिवसांचा असल्याने या आठवड्याच्या व मागील आठवड्याच्या तक्त्यांत २१ दिवस समान असतात. एकाच पोत्यातील धान्याचे नमुने चारदा पाहून चार पोती तपासली असे म्हणण्याचा हा प्रकार झाला. पोळ्याचा तो शुक्रवार चार आठवडे प्रत्येक तक्त्यात बसून राहतो, आणि तेच पुनःपुन्हा दिसल्यामुळे मनास पटू लागते.

पत्रके ठेवण्याची पद्धत

म्हणून अहवाल दर २८ दिवसांनी एकदाच, ठरलेल्या तारखेस पाहावा व त्याचे छायाचित्र तारीख घालून जपून ठेवावे. मधल्या काळात तो उघडण्याचे कारण नाही. २०२५ च्या खरिपासाठी अशी चार पत्रके पडली असती: १३ जून ते १० जुलै, ११ जुलै ते ७ ऑगस्ट, ८ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर व ५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर. यांत एकही दिवस दोनदा येत नाही. पत्रकाच्या मागे त्या काळातील सण, बाजाराचे वार, अतिवृष्टी, वीज खंडित झाल्याचे दिवस यांची दोन ओळींत नोंद करावी. चौथ्या पत्रकाच्या काळात, म्हणजे सप्टेंबर २०२५ मध्ये, मराठवाड्यात अतिवृष्टी व पूर यांनी मोठे नुकसान झाले. त्या दिवसांतील प्रेक्षकांच्या सवयी नेहमीच्या समजणे चूक ठरेल, आणि नोंद नसेल तर पुढील वर्षी हे कोणाच्या लक्षातही राहणार नाही.

त्यानंतर १६८ घरांचा नाद सोडून दिवसाचे मोजके भाग करावेत. हे भाग अहवाल पाहण्यापूर्वी, शेतकऱ्याच्या दिनक्रमावरून पाडावेत. अहवाल पाहून भाग पाडले, तर गडद घरांभोवतीच रेघा ओढल्या जातात. पहाटे ५ ते ८, सकाळी ८ ते १२, दुपारी १२ ते ३, दुपारी ३ ते ७, सायंकाळी ७ ते १० आणि रात्री १० नंतर, असे सहा भाग या जिल्ह्यात सोयीचे पडतात. प्रत्येक घरास छटेप्रमाणे शून्य ते चार गुण द्यावेत व भागातील सर्व घरांची सरासरी काढावी. सायंकाळी ७ ते १० या भागात तीन तास व सात वार मिळून २१ घरे येतात. एका घरातील योगायोग या २१ घरांत विरून जातो.

हिशेब समजावा म्हणून काही आकडे कल्पून पाहू. समजा, चार पत्रकांत सायंकाळच्या भागाची सरासरी ३.२, ३.१, ३.० व ३.१ आली, दुपारी १२ ते ३ ची २.०, २.३, २.६ व २.१ आली, आणि पहाटेची १.८, १.७, १.६ व १.९ आली. तसेच, प्रत्येक पत्रकातील सर्वांत गडद घर पाहिले तर पहिल्यात गुरुवार रात्री ९, दुसऱ्यात रविवार दुपारी १, तिसऱ्यात शुक्रवार दुपारी ४ आणि चौथ्यात बुधवार रात्री ८ असे निघाले. चार पत्रकांत चार वेगळी घरे! शुक्रवारच्या त्या घरास तिसऱ्या पत्रकात ४ गुण, तर इतर तीन पत्रकांत १, २ व १. परंतु सायंकाळचा भाग चारही पत्रकांत पहिलाच राहिला. यावरून वाराबद्दल काही बोलता येत नाही, तासाबद्दल फारसे नाही, मात्र सायंकाळबद्दल बोलता येते. अहवालातून एवढेच निघते, आणि कामासाठी ते पुरेसे आहे.

येथे एक साधी कसोटी उपयोगी पडते. सायंकाळच्या २१ घरांत वास्तविक काहीच फरक नसेल, तरी एक घर सर्वांत गडद दिसेल. आणि पुढील पत्रकात तेच घर पुन्हा पहिले येण्याचा योग २१ मध्ये १ असतो. म्हणून पहिल्या पत्रकातील निवड दुसऱ्या पत्रकावर तपासून घ्यावी. ज्या पत्रकावरून निवड केली, त्याच पत्रकावरून ती बरोबर ठरविता येत नाही. बियाणे ज्या शेतातून निवडले, त्याच शेतातील त्याच हंगामाचे उत्पन्न दाखवून ते श्रेष्ठ ठरविल्यासारखे ते होईल.

वार कामावरून, वेळ चाचणीवरून

वाराचा प्रश्न बहुधा अहवालाकडे नेण्याची गरजच नसते. ग्रामीण कृषी मौसम सेवेचे हवामानावर आधारित सल्ले मंगळवारी व शुक्रवारी निघतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे सल्लेही या जिल्ह्यास त्याच वारी मिळतात. ज्या वाहिनीचे काम हे सल्ले सोप्या भाषेत गावापर्यंत नेणे आहे, तिचे वार ठरलेलेच आहेत. शुक्रवारचा सल्ला ‘रविवारी प्रेक्षक अधिक’ म्हणून रविवारपर्यंत राखून ठेवला, तर त्यातील हवामानाचा अंदाज अर्धा शिळा झालेला असतो.

वेळेच्या बाबतीत मात्र दोन पर्याय खरोखर विचारात घेण्यासारखे आहेत. एक, सल्ला मिळाल्याच्या दिवशी सायंकाळी साडेसहास, म्हणजे गर्दीच्या भागापूर्वी अर्धा तास. दुसरा, दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला. सायंकाळी अधिक लोक यूट्यूबवर असतात हे अहवालाने सांगितले. ते ही चित्रफीत पाहतात काय, हे मोजूनच पाहावे लागते. त्यासाठी वाणांच्या चाचणीप्रमाणेच चाचणी घ्यावी.

आठ आठवडे, दर आठवड्यास दोन, अशा सोळा चित्रफिती घ्याव्यात. प्रत्येक आठवड्यात एक सायंकाळी व एक पहाटे टाकावी. कोणती कोणत्या वेळी, हे आठवडा सुरू होण्यापूर्वी नाणे उडवून ठरवावे. नेहमी मंगळवारची सायंकाळी व शुक्रवारची पहाटे टाकली, तर दिसणारा फरक वेळेचा की वाराचा हे कळणार नाही. कार्यकर्त्याच्या मनावर सोडले, तर जी चित्रफीत चांगली वाटते ती नकळत आवडत्या वेळेस टाकली जाते. चित्रफीत आधीच चढवून ठेवावी व Schedule करून वेळ द्यावी, कारण यूट्यूब प्रथम कमी प्रतीचे चित्र तयार करते व उच्च प्रतीचे नंतर. ऐन वेळी चढविलेली चित्रफीत पहिल्या तासात अंधुक दिसू शकते. मोजणी दोहोंसाठी सारखीच, प्रसारणापासून पहिल्या ४८ तासांची. यात दोन सायंकाळी व दोन पहाटी दोन्ही पर्यायांस मिळतात, म्हणून तुलना न्याय्य होते.

समजा, आठ आठवड्यांत ४८ तासांतील प्रेक्षक पुढीलप्रमाणे आले. प्रत्येक जोडीत पहिला आकडा सायंकाळचा व दुसरा पहाटेचा: ४१० व ३५०, ३८० व ३९५, ६२० व ५६०, ३४५ व ३००, ४०० व ४३०, १४५० व ५२०, ३६५ व ३४०, ३९० व ३७०. सायंकाळची सरासरी ५४५ व पहाटेची सुमारे ४०८ येते. फरक १३७ चा. पहाटेपेक्षा एकतृतीयांश अधिक. घाईचा माणूस येथेच थांबतो व सायंकाळचा विजय जाहीर करतो.

परंतु सहावा आठवडा पाहावा. त्या आठवड्यातील सायंकाळची चित्रफीत बोंडअळीच्या प्रादुर्भावाविषयी होती व ती गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरली, असे धरले आहे. तो आठवडा बाजूला ठेवला तर सरासरी ४१६ व ३९२ राहते, फरक सुमारे २४ चा. म्हणजे मूळ फरकाचा मोठा भाग एका चित्रफितीच्या विषयाने आणला होता. अशा वेळी सरासरीपेक्षा जोड्या मोजाव्यात. आठपैकी सहा जोड्यांत सायंकाळ पुढे आहे. आता नाणे आठ वेळा उडविले असता सहा किंवा अधिक छाप पडण्याचा योग २५६ मध्ये ३७, म्हणजे सुमारे सातांत एक आहे. इतका योग तर निव्वळ नशिबानेही जुळतो. आठपैकी सात जोड्या एका बाजूस झुकल्या असत्या तर तो योग २५६ मध्ये ९, म्हणजे सुमारे अठ्ठावीसांत एक झाला असता, आणि मग बोलण्यास आधार मिळाला असता.

सहावा आठवडा गाळून टाकावा काय, असा प्रश्न येथे सहज निघतो. तो गाळू नये, नोंदीत तसाच ठेवावा. न पटणारा वाफा मागाहून खोडणे प्रक्षेत्रावर मान्य नाही, तसे येथेही नाही. त्याचे वजन मात्र एका जोडीइतकेच धरावे.

तेव्हा या चाचणीचा निकाल असा वाचावा लागतो: दोन वेळांत मोठा फरक असल्याचे दिसून आलेले नाही, लहान फरक असल्यास तो आठ आठवड्यांत पकडता येणारा नाही. हा निकाल निरुपयोगी नव्हे. प्रेक्षकसंख्येने निवाडा होत नाही असे ठरले, की निवड शेतीच्या कामावर सोपविता येते. फवारणीची सूचना सायंकाळी मिळाली तर शेतकरी त्याच रात्री ठरवितो, औषध नसेल तर सकाळी तालुक्याच्या गावाहून आणतो व दुसऱ्या सायंकाळी फवारतो; घरी असेल तर सकाळीच फवारणी उरकतो. पहाटे पाचला टाकलेली सूचना त्याला शेताच्या वाटेवर मिळते, तेव्हा पंप घरी व औषध दुकानात असते. म्हणून अशा सूचनांस सायंकाळी साडेसहाची वेळ द्यावी.

१९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने महाराष्ट्रातील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांच्या श्रोतृमंडळांचा जो प्रयोग केला, त्यात आठवड्यातून दोनदा कार्यक्रम होत असे. त्याचे मूल्यमापन करताना मंडळे नसलेली गावेही तुलनेसाठी घेतली होती. आज कार्यकर्त्याच्या हातात मोजमापाची साधने त्याहून कितीतरी अधिक आहेत. तुलनेसाठी दुसरी बाजू ठेवण्याची पद्धत मात्र मागे पडली आहे.

वेळ केव्हा बदलावी

खरिपात ठरविलेली वेळ रब्बीवर डोळे मिटून लादू नये. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणीने दिवस भरून जातो, आणि गहू-हरभऱ्याला पाणी देण्याच्या दिवसांत जेथे शेतीपंपांना पाळीने रात्रीची वीज मिळते तेथे शेतकरी रात्री मोटारीपाशी असतो. अशा आठवड्यांत सायंकाळच्या भागाचा रंग बदलला तर नवल नाही. हा बदल हंगामाचा आहे काय, हे मागील वर्षीच्या रब्बीच्या पत्रकांशी ताडून पाहावे. नुकत्याच संपलेल्या खरिपाशी नव्हे. मागील वर्षाची पत्रके नसतील, तर परस्परांत एकही दिवस समान नसलेल्या दोन लागोपाठच्या पत्रकांत दुसराच भाग पहिला आला तरच वेळ बदलण्याचा विचार करावा, आणि बदललेली वेळ पुन्हा आठ आठवडे नाणे उडवून जुन्या वेळेशी तोलून पाहावी. एका पत्रकात भाग बदलला तर पत्रकाच्या मागील दोन ओळी वाचाव्यात. बहुतेक वेळा कारण तेथेच सापडते: यात्रा, लग्नतिथी, निवडणूक, किंवा आठवडाभर चाललेला पाऊस.